बठ्ठी साफ करीसन देसू

आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये चांगला लेथ, म्हणजे लोखंड फिरवत कातायचं यंत्र, एकच होता. बाकीचे दोन नुसते उभे असायचे, लग्नातल्या फुगलेल्या पाहुण्यांसारखे. शेवटच्या वर्षाला सगळ्या ग्रुपांचे प्रोजेक्ट त्या एका लेथवर यायचे, आणि मग जे व्हायचं तेच व्हायचं. जो आधी आला तो उठायचाच नाही, उठला तर मागे लोखंडाच्या चिप्सचं घरटं ठेवून जायचा.

त्या वर्षी वर्कशॉपला नवीन सर आले, कोल्हापूरकडचे. आल्या आल्या त्यांनी वर्कशॉपच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फर्मान काढलं. लेथ हवा असेल तर आदल्या दिवशी मेसेज टाकायचा. किती वेळ लागेल, मशीनवर काय काय बसवायला लागेल, आणि जाताना काय स्वच्छ करून जाणार, तिन्ही लिहायचं. शेवटी एक ओळ होती: ‘लिहिलेली स्वच्छता मी डोळ्यांनी पाहिली की बुकिंग संपलं. तोपर्यंत मशीन त्याच्याच नावावर.’

ही ओळ सरांनी पळपुट्यांसाठी लिहिली होती. आमच्या कामी येईल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसणार.

आमचा प्रोजेक्ट म्हणजे केळीच्या खोडातून धागा काढायचं यंत्र. ग्रुपात आम्ही दोघंच. मी नशिराबादजवळच्या खेड्यातला, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला, आणि हे मी तेव्हाही सांगत फिरायचो, आजही सांगतो. दुसरी भडगावची एक मुलगी. वर्गात ती सगळ्यांनाच ‘भाऊ’ म्हणायची, त्यामुळे कुणी गैरसमज करून घेण्याची सोयच नव्हती. यंत्र सगळं तयार होतं, फक्त रोलरचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, राहिला होता. परवा बाहेरचे परीक्षक येणार होते. शाफ्ट नाही तर रोलर नाही, रोलर नाही तर धागा नाही, आणि धागा नसेल तर आमच्यासमोर नुसती लोखंडी खाट.

आता व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पिंप्राळ्याचा मुलगा होता. स्कूटरवर यायचा, गॉगल वर्कशॉपमध्येही काढायचा नाही. मी एकदा ग्रुपवर ‘मी येस’, म्हणजे ‘मी येतो’, असं लिहिलं, तर यानं खाली टाकलं, ‘कृपया प्रमाण मराठीत लिहावे.’ त्याची आजी माझ्या आजीसारखीच गावची बोली बोलते, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग मी ठरवलंच, शेवटची ओळ आपल्या बोलीतच टाकायची. बुकिंग टाकलं ते असं:

‘लेथ उद्या सकाळी दहा ते एक. फोर-जॉ चक काढून थ्री-जॉ लावणे, मागे रिव्हॉल्विंग सेंटर, कुलंट भरलेलं पाहिजे. जाताना बठ्ठी साफ करीसन देसू.’

बठ्ठी म्हणजे सगळी. सगळी जागा, असं म्हणायचं होतं. ‘जागा’ डोक्यात होती, बोटापर्यंत आली नाही.

सरांचं उत्तर लगेच आलं: ‘शाब्बास! असे विद्यार्थी हवेत.’ वर तीन अंगठे. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. चिप्स उचलायला एवढी शाबासकी?

दुसऱ्या दिवशी दहाला सुरुवात केली. लोखंडी बार पकडला, त्याचं तोंड साफ केलं, सेंटर मारला, एकेक पायरी उतरवत गेलो. काम झकास चाललं होतं. बेअरिंग बसायच्या जागेवर मायक्रोमीटर लावला, माप बरोब्बर. मी तिच्याकडे ऐटीत पाहिलं. तिनं शाफ्ट उतरवला, पंख्याखाली ठेवला, थोड्या वेळानं बेअरिंग चढवलं. ते हलक्या हातानं ठोकून घट्ट बसायला हवं होतं. अंगठ्यानं ढकललं तर झबल्यासारखं सरकन आत गेलं आणि शाफ्टवर गोल गोल फिरायला लागलं.

“भाऊ, गरम गरमच मोजलं ना तू?”

मोजलं होतं. गरम लोखंड फुगलेलं असतं, थंड झालं की आखडतं. दुसऱ्या वर्षाचा धडा. पेपरात मी तो बरोबर लिहिला होता.

आता दुसरा बार घेऊन पहिल्यापासून करायचं, आणि एक वाजत आलेला. दोन वाजता पिंप्राळ्याचं बुकिंग, आणि उद्या तर परीक्षकच दारात. तो आधीच येऊन दारात उभा, किल्ली बोटावर फिरवत.

“आवरा आता, आवरा. चिप्स नीट काढा हं. हातानं नको, ब्रशनं.”

तेवढ्यात सर आले. लेथकडे बघितलंच नाही.

“काय रे, भट्टी कधी घेतोस करायला?”

“कसली भट्टी, सर?”

“आता कसली म्हणून काय इचारतोस? भट्टी साफ करून देतो म्हणून तूच लिहिलंयस की. मी आल्यापासून कोपऱ्यातल्या त्या भट्टीला साफ करायला कुणी हात लावला नाही. राख, खडे, जाळी तर पार बुजलीया.”

मी तोंड उघडलं, सर, ते बठ्ठी होतं असं सांगायला. भडगावच्या मुलीनं बुटासकट पाय माझ्या पायावर ठेवला.

“करणार ना, सर,” ती म्हणाली. “पण सकाळी दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी तिच्यात ॲल्युमिनियम वितळवलंय. अजून लाल आहे.”

“मग थंड होऊ दे. संध्याकाळी करा.”

“म्हणजे सर, लिहिलेली स्वच्छता अजून झालेली नाही.”

“नाही.”

“म्हणजे बुकिंग संपलेलं नाही.”

सरांनी स्वतःचाच नियम मनात एकदा वाचून काढला असावा. मग मिशीतल्या मिशीत हसले.

“नाही संपलं. मशीन तुमच्याच नावावर.”

पिंप्राळ्याचा गॉगल तेव्हा कुठे खाली आला. “सर, हा अन्याय आहे! भट्टीचा आणि लेथचा काय संबंध?”

“लिहिलंय त्यानं. तू काय लिहिलंस? ‘मशीन पुसून देईन.’ त्यानं भट्टी लिहिली.”

आम्ही दुसरा बार चढवला. या वेळी शेवटच्या कटाआधी थांबून कुलंटचं गार पाणी सोडलं, बार हाताला गार लागेपर्यंत मी मायक्रोमीटर डब्यातून काढलाच नाही. मागे पिंप्राळ्याची धावपळ चालली होती. आधी तो बादलीभर पाणी घेऊन भट्टीकडे निघाला. सर एवढ्या जोरात ओरडले की बादली त्याच्याच बुटांवर सांडली.

“मरशील लेका! गरम विटांवर पाणी? वाफेनं भाजशील, विटा तडकतील त्या वेगळ्याच!”

मग त्यानं स्टाफरूममधून टेबलफॅन आणला. भट्टीचं झाकण उघडून फॅन तिच्याकडे तोंड करून लावला आणि समोर स्टूल टाकून बसला. वाफाळत्या चहाला फुंकर घालावी तसा. संध्याकाळी ती निवली, तर आमची वाटही न बघता यानंच फावडं उचललं. लांब दांड्याच्या आकड्यानं खडे ओढले, घमेल्यानं राख बाहेर नेली. लवकर संपलं तर लेथ लवकर मिळेल, एवढंच त्याच्या डोक्यात.

“अय भाऊ,” ती मला हळूच म्हणाली, “बठ्ठी यानीच साफ कयी.”

सरांच्या कानावर गेलं. “बठ्ठी? भट्टी म्हण की.”

“नाही सर. बठ्ठी म्हणजे सगळी.”

सरांनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे, मग राखेनं पांढऱ्या झालेल्या पिंप्राळ्याकडे बघितलं. त्यांनी खिशातला फोन काढून माझा मेसेज पुन्हा वाचला. “आयला,” एवढंच म्हणाले. मग, “सगळी ना? मग घे झाडू. लेथ त्याला दे, आणि वर्कशॉपची सगळी जागा झाड.”

झाडली. तिन्ही लेथच्या खालून, ड्रिलच्या मागून, वेल्डिंगच्या खोलीतूनसुद्धा. ती हसत हसत कोपरे दाखवत होती, आणि तो पिंप्राळ्याचा, लेथ चालवता चालवता, मुद्दाम चिप्स माझ्या बाजूला उडवत होता. पण त्याआधी मी एक काम करून घेतलं होतं. गार शाफ्टवर बेअरिंग ठेवलं, लाकडी हातोड्यानं टकटक केलं. ते अडत, कुरकुरत, नव्या सुनेसारखं दबकत आत गेलं आणि जिथं बसायचं तिथंच बसलं.

परीक्षकांनी खोडाचं साल रोलरमध्ये घातलं तेव्हा पलीकडून ओला, पिवळसर धागा लांबच लांब बाहेर आला. त्यांनी तो बोटाला गुंडाळून ओढून पाहिला. तुटला नाही.