चुलवणाच्या विटा

मामांचं कसबा बावड्याला गुऱ्हाळ होतं. दिवाळी उरकली की उसाचा रस काढायचा चरक सुरू व्हायचा. त्या वर्षी रस उकळायच्या काहिलीखालची मोठी चूल, म्हणजे चुलवण, नव्यानं बांधायचं ठरलं. विटा आल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी येणार होता. मामांनी मला फर्मावलं, "वहिनीला दाखव की जरा."

माझ्या वहिनीचं राजारामपुरीत बांधकामाच्या मालाचं दुकान, पण तेव्हा तिचा पाय प्लास्टरमध्ये. मग मी नव्या डिजिटल कॅमेऱ्यानं ढिगाचा फोटो काढला, स्टुडिओतून मोठा करून घेतला आणि तिच्या घरी गेलो. मागोमाग मामाही आले.

"फोटो बघून काय कळतंय? लालच हाईत की!" मामांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल.

वहिनीनं फोटो खिडकीपाशी धरला. या बाईला घाई कशी ती माहीतच नाही. माझा जीव टांगणीला, आणि ही आधी चहा सांगते!

"मागं गोठ्यासाठीचे काँक्रीटचे ब्लॉक दिसतात. शेजारच्या घागरीएवढा एकेक, अंगावर खडी दिसते. त्यांचं सोडा. मामा, या पुढच्या विटा भट्टीत भाजलेल्या नाहीत. कोळशाच्या राखेच्या आहेत."

"लाल रंग दिसत न्हाय व्हय तुला?"

"रंग वरचा आहे. भट्टीतली वीट एकसारखी निघतच नाही. एखादी काळपट, एखादी फिकी, कुणाचा कोपरा गेलेला, कुणी वाकडी. ढीग कितीही नीट लावा, ओळ नागमोडी होतेच. इथं बघा, ओळ दोरी धरल्यासारखी, कडा धारदार. आणि ही कोपऱ्यातली फुटकी, आतून राखाडी."

मी तोच फोटो शंभरदा पाहिला होता. मला नुसता ढीग दिसला होता.

"भिंतीला मी स्वतः याच विकते," ती म्हणाली. "पण ही भाजलेली नसते, राख चुन्या-सिमेंटनं घट्ट केलेली असते. चुलवणाच्या जाळात तडकणार, आणि वर उकळता रस."

मामा उठले. आम्ही दोघं बावड्याला गेलो. त्यांनी एक वीट दगडावर आपटली. आत राखाडी, आणि तळहाताला लाल भुगा. व्यापाऱ्यानं फोनवर सांगितलं, जुन्या विटांच्या ढिगाच्या जागेवर हा माल उतरवला होता, भुगा बसला असेल. त्यालाही ओळखता आलं नव्हतं.

सकाळी मामांनी गवंड्याला परत पाठवलं, जीप आणली आणि वहिनीला प्लास्टरसकट उचलून पुढच्या सीटवर बसवलं. वीटभट्टीवर तिच्यासाठी खुर्ची टाकली. ती हात लावून होकार देईल तीच वीट गाडीत चढत होती. भट्टीवाला कुरकुरला तसे मामा त्याच्यावर कडाडले.

"गप ऱ्हा! चुलवणाच्या तोंडाशी जाळ घालाय माझा धाकटा भाऊ बसतोय."

मग वहिनीकडं वळून, मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या हळू आवाजात म्हणाले, "तू बघ पोरी. सावकाश बघ."