मागच्या गोदामातली तूर

आमच्या डाळ मिलचा विमा दरवर्षी पोळ्याच्या आसपास संपायचा. त्या दिवसांत गोदामात बघायला काही नसतं. जुनी तूर संपत आलेली, नवी यायला चार-पाच महिने, कोपऱ्यात रिकामं बारदान. एजंटाचा फोन यायचा आणि आमचे हे एका हातानं जेवत सांगायचे, "मागच्या सालाएवढाच टाका ना भाऊ, गोदाम तं रिकामंच हाय." अकोल्यात आमच्या धंद्यातले कितीतरी जण असंच करतात. रिकामं गोदाम पाहून विमा काढायचा आणि मग संक्रांतीपासून ते भरत जायचं. भरल्यावर पुन्हा कोण एजंटाला फोन करतो? चेकवर सही माझी असायची, म्हणून मी साळसूदपणाचा आव आणणार नाही. पण आकडा ह्यांचा होता. चाळीस लाख. दोन्ही गोदामं मिळून.

आग लागली ती फेब्रुवारीत, भर दुपारी, पुढच्या गोदामात. वायरिंगमधून ठिणगी पडली, बारदान पेटलं आणि वर थप्पी लावलेली तूर. अग्निशमनवाल्यांनी दोन तासांत विझवली, पण जे जळालं नाही ते पाण्यात भिजलं. जळक्या तुरीचा वास केसांतून आठ दिवस जात नव्हता. निवडायला येणाऱ्या बाया फाटकाबाहेर बसून रडत होत्या. त्यातली एक मला म्हणाली, "माय वं बाई, आता आमचं काय?" मी तिला ठणकावून सांगितलं, "रडू नका. इमा हाय. दोन महिन्यांत मिल चालू होते." केवढ्या तोऱ्यात म्हणाले मी!

माझा हिशोब सरळ होता. पुढच्या गोदामात छत्तीस लाखांचा माल होता. भिजकी, धुरकटलेली तूर गुरांची ढेप विकणाऱ्यांनी सहा लाखांना उचलली. नुकसान तीस लाख. विमा चाळीसचा. तिसाचे तीस मिळणार, यात बिघडायचं काय? मागच्या गोदामातली चव्वेचाळीस लाखांची तूर तर जशीच्या तशी होती. तिचा या भानगडीशी काही संबंध आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

अमरावतीहून सर्व्हेअर आले. कंपनी नुकसान मोजायला पाठवते तो माणूस. बारीक, शांत, चहासुद्धा घेईना. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त जळालेली जागा मोजली, फोटो काढले आणि म्हणाले, "उद्या दोन्ही गोदामांची स्टॉकची वही लागेल." ती वही माझ्या हातची. कोणत्या शेतकऱ्याची किती पोती, बाजार समितीची खरेदीची पट्टी कोणती, कोणत्या थप्पीत लावली, सगळं. बी.कॉम. करून अमरावतीहून या घरात आले, तेव्हा सासरे म्हणाले होते की पोरीला स्वयंपाकात कोंडू नका. तेव्हापासून त्या वहीत दुसऱ्या कोणाचं अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एजंट घरी आला आणि ह्यांना अंगणात घेऊन गेला. हे परत आले ते थेट स्वयंपाकघरात.

"ऐकून घे. सायबानं इचारलं तं मागचा माल आपला नाही म्हनजो. शेतकऱ्यायचा हाय, भाव वाढेपर्यंत ठेवाले आनला, असं सांगजो."

"काहून?"

ह्यांनी सांगितलं. नीट, सावकाश, मान खाली घालून. कंपनी फक्त जळालेला माल बघत नाही. आगीच्या दिवशी दोन्ही गोदामांत मिळून आपला किती माल होता, ते बघते. ऐंशी लाखांचा. विमा चाळीसचा, म्हणजे निम्म्याचाच. मग नुकसानही निम्मंच देणार. तिसाचे पंधरा. "उरलेल्या निम्म्याचा इमा तुमीच सोताच्या डोक्यावर घेतला होता, असं धरतात," हे म्हणाले. मागचा माल आपला नाही असं ठरलं, तर आपला माल छत्तीसचा आणि विमा चाळीसचा. मग तीसच्या तीस.

"आणि पंधरात?"

"पंधरात बँकेचं कर्जच निपटत नाही. मिल चालू होत नाही."

"आणि वही?"

"नवी लिहू. तू बसली तं दोन घंट्यांत होते."

माझ्या अंगाचा भडका उडाला. नवी लिहू! मी पोळ्याला म्हणाले होते, तुरीचा भाव वाढला, आकडा वाढवा. "हप्ता काय तुह्या बापानं भरायचा?" हे हसून म्हणाले होते. आता तोच माणूस मला खोटी वही लिहायला सांगत होता.

त्याच दुपारी सर्व्हेअर साहेब मागच्या गोदामात उभे राहिले. थप्पीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "ताई, हा माल तुमचाच?"

हे दारात होते. एजंट त्यांच्या मागे.

लोकांना वाटतं मी खरेपणासाठी बोलले. आमच्या नातेवाइकांत तर माझं कौतुकही झालं, जळ्ळं मेलं ते कौतुक. खरं सांगायचं तर मला खरेपणाचा काही पुळका आला नव्हता. मला राग आला होता. "आमचाच आहे," मी म्हणाले आणि वही त्यांच्या हातात दिली. जुनी वही.

नंतर त्यांनी कर्जासाठी बँकेत दर महिन्याला दिलेली स्टॉकची यादी मागवली, पट्ट्या ताडून पाहिल्या. तिथेही तो माल आमच्याच नावावर होता. म्हणजे खोटं बोलले असते तर पकडली गेले असते, आणि कदाचित पंधराही गेले असते. ही गोष्ट मी ह्यांना एकदा सांगितली. हे "हो" म्हणाले आणि उठून गेले. मला स्वतःलाही ती पटते, पण रात्रभर पुरत नाही.

शेवटी साहेबांनी कागदावर गुणाकार-भागाकार मांडून दाखवला. तीस गुणिले चाळीस, भागिले ऐंशी. "पंधरा टक्क्यांपर्यंत विमा कमी असता तर सोडून देता आलं असतं, ताई. हा निम्मा आहे. माझ्या हातात काही नाही." त्यातून विमेदारानं सोसायचे पाच टक्के वजा. सवा चौदा लाख. तेही बँकेच्या कर्ज खात्यात जमा झाले, आमच्या हाताला लागलेच नाहीत.

मागची तूर विकली, मग मशीन विकलं, मग शेड भाड्यानं दिलं. निवडणाऱ्या बाया दुसऱ्या मिलमध्ये लागल्या, दोघी-तिघी अजून घरीच आहेत. फाटकावर रडणारी रस्त्यात भेटली की मीच दुसरीकडे बघते. हे आता एमआयडीसीतल्या एका मिलमध्ये दुसऱ्याचा माल मोजतात. सकाळी डबा घेऊन निघतात.

मी वाट बघत होते की एक दिवस हे मला बोलतील. भांडतील, ताट भिरकावतील, काहीतरी. मग मीही आकड्याचं काढेन, पोळ्याचं काढेन, आणि मोकळं होईल एकदाचं. वर्ष होऊन गेलं तरी काही नाही. शेवटी मीच एकदा डबा भरता भरता म्हणाले, "बोला ना काहीतरी. माह्यामुळं मिल गेली, असं तरी म्हना."

ह्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"तू खोटं बोलली असती अन् फसलो असतो, तं बोललो असतो तुले," हे म्हणाले. "खरं बोलल्याबद्दल काय बोलू?"