कोपऱ्यातला ठिपका

आमच्या भंडाऱ्याच्या लॅबचा एक नियम होता. दर काचपट्टीच्या कोपऱ्यात ओळखीच्या जंतूंचा एक ठिपका लावायचा. ते जंतू गोल, पक्के जांभळे. रंगवल्यावर तेच गुलाबी दिसले, तर आपला हात चुकला समजायचं. पंधरा वर्षं मी तो ठिपका लावला. त्या दिवशी नाही लावला. काय घाई सुटली होती, देव जाणे!

करडी गावची बाई होती. धानाची रोवणी करताना बांधीतल्या चिखलात पायात काच घुसली. तिसऱ्या दिवशी पोटरी टम्म फुगली, दाबली की कातडीखाली कुरकुर वाजे. सर्जनसाहेब म्हणाले, "जांभळ्या जाड कांड्या दिसल्या तर गँगरीन. पाय आजच कापावा लागेल. गुलाबी असल्या तर जखम उघडून, साफ करून सकाळपर्यंत वाट पाहू."

जखमेतलं पाणी दोन काचपट्ट्यांवर पसरलं. एकीवर जांभळा रंग टाकला, आयोडीन टाकलं, मग स्पिरिट. स्पिरिट काही सेकंदच ठेवायचं असतं, जास्त झालं की खरा जांभळाही धुऊन जातो. नेमका तेव्हाच वॉर्डातून फोन आला, "झालं का?" मी तणतणत उत्तर देत बसले आणि स्पिरिट वाहतच राहिलं. शेवटी गुलाबी रंग चढवला.

सूक्ष्मदर्शकात कांड्याच होत्या, गोल काहीच नव्हतं. आकार बरोबर ओळखला मी. रंग गुलाबी. वॉर्डात कळवलं. खिडकीशी उभ्या तिच्या नवऱ्यालाही सांगून टाकलं. तो लगेच मोबाइलवर घरी ओरडला, "पाय वाचते म्हंतेत!"

सवयीप्रमाणे फोटो काढून नागपूरच्या मोठ्या लॅबमधल्या मॅडमला पाठवला. त्यांचा फोन तासाभरानं आला. "इतक्या जाड, चौकोनी टोकांच्या कांड्या, आणि पूच्या पेशी जवळपास नाहीतच? हे तर गँगरीनचं दिसतंय. अगं, कोपऱ्यातला ठिपका कुठंय?"

तो मी लावलाच नव्हता.

दुसरी काचपट्टी अजून रंगवायची होती. यावेळी ठिपका लावला, स्पिरिटचे सेकंद मोठ्यानं मोजले. कोपऱ्यातले गोल जंतू जांभळे निघाले. शेजारच्या कांड्याही जांभळ्या. मी धावत वॉर्डात गेले. सूज तोवर गुडघ्याच्या वर चढली होती. साहेब नुसतं ऑपरेशनची तयारी करा म्हणाले.

नवरा दारात आडवा आला. "रंगच त बदलला न ताई. मंग पाय काहून कापून राहिले?"

"पहिल्या वेळी माझ्या हातून चूक झाली, भाऊ. मीच चुकीचं सांगितलं तुम्हाला."

त्याला राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. हात जोडून म्हणाला, "मंग एक डाव अजून रंगवा न. गुलाबी येते का पाहा."

"येईल," मी म्हटलं. "स्पिरिट जास्त टाकलं की येतोच गुलाबी. पाय वाचत नाही."