ओळीला टांगलेला एक

माझं अक्षर चांगलं होतं, हे मी आजही कुणाच्या परवानगीशिवाय सांगतो. रत्नागिरीतल्या एका लहानशा पतपेढीत मला खातेवहीचा कारकून म्हणून घेतलं ते त्या अक्षरावरच. एकोणीसशे सत्तावीस-अठ्ठावीसचा सुमार असेल. पेढीत आम्ही तिघेच: हेडक्लार्क, खजिनदार आणि मी. हेडक्लार्क म्हणजे कायम दाढ दुखत असल्यासारखा चेहरा. खजिनदार पन्नाशीच्या पुढचे, त्यांना मी काका म्हणत असे. आणि मी चोवीस वर्षांचा, नवा नवरा, नाकावर माशी बसू न देणारा.

काकांचं सगळं शिक्षण मोडीत झालेलं. मोडी लिहिताना आधी कागदावर आडवी ओळ ओढायची आणि अक्षरं तिच्याखाली लोंबती लिहायची. पुढे तपासनिसाच्या सांगण्यावरून पेढीत छापील रेघांच्या वह्या आल्या आणि आकडे इंग्रजी झाले. काकांनी आकडे शिकून घेतले, पण हाताला कोण शिकवणार? इंग्रजी आकडा खालच्या ओळीवर बसतो. काकांचा आकडा वरच्या ओळीला लोंबत राहायचा. त्यातून सगळा घोळ. सहाची शेंडी वरच्या निळ्या रेघेत बुडून गेली की उरायचं नुसतं शून्य. आणि एकाचं डोकं त्या रेघेला चिकटलं की छापील रेघच त्याच्या माथ्यावरची आडवी दांडी व्हायची आणि एकाचा सात दिसायचा.

"काका, हे सहा पै की शून्य पै?" मी दिवसातून दहा वेळा विचारायचो.

"तुला काय हवं ते वाच, अर्ध्या आण्याने पेढी बुडत नाही," ते म्हणायचे आणि हसायचे.

मी हसायचो नाही. "आणि हे सतरा आणे? सोळा आण्यांचा रुपया होतो, रत्नागिरीत वेगळा होतो का?"

"अकरा रे बाबा, अकरा!"

आण्यांचं बरं असतं. पंधराच्या पुढे आणे जातच नाहीत, त्यामुळे सतरा दिसले की चूक आपोआप पकडली जाते. रुपयांच्या रकान्याला तशी वेस नाही. तिथे एकशे दहा लिहा नाहीतर एकशे सत्तर, रकाना काही बोलत नाही.

तेव्हा आमची कामाची एक रीत होती. आठवड्यातून एकदा काका बंदराकाठच्या मिरकरवाड्याला जाऊन बसायचे. तिथली माणसं पेढीची पायरी चढायला लाजत, मग पेढीच तिकडे जायची. ठेव आली की काका तिथल्या तिथे रोजकीर्दीत नाव आणि रक्कम लिहायचे. परतायला संध्याकाळ होई, पेढी बंद झालेली असे, म्हणून पैशांची पिशवी आणि वही रात्रभर त्यांच्या घरी पेटीत राहायची. दुसऱ्या दिवशी ते भरणा करायचे. रोजकीर्दीवरून मी खातेवही लिहायचो आणि खातेवहीवरून पासबुकं. ठेवीदाराच्या हातात तेवढं पासबुकच असे. आता वाटतं, रक्कम अक्षरी लिहिण्याची अक्कल तेव्हा कुणालाच कशी सुचली नाही!

वैशाखात हिशेब बंद करताना खात्यांची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची एकूण बेरीज, रोख शिलकेशी जुळेना. साठ रुपयांचा फरक. हेडक्लार्क जुने खेळाडू. म्हणाले, "फरक नवाच्या पटीत आला तर आकड्यांची अदलाबदल झालेली असते. सहा, साठ, सहाशे आला तर एक आणि सात बघ, शून्य आणि सहा बघ. दोन्ही जोड्यांत अंतर सहाचंच असतं." आम्ही रोजकीर्द उलटीपालटी केली आणि चैत्रातल्या मिरकरवाड्याच्या पानावर थांबलो. एका बाईच्या नावावर ठेव, मी खात्यात लिहिलेली एकशे सत्तर. पानाची बेरीज मात्र साठाने कमी. तिथे एकशे दहा धरले तरच ती जुळत होती.

हेडक्लार्कांनी चष्मा पुसला. "नीट बघ. तुझे डोळे तरुण आहेत. एक की सात?"

मी पाहिलं. पहिला एक जरा खाली उतरलेला, साफ एक. दुसऱ्याच्या डोक्यावर ठळक आडवी दांडी. आणि मुख्य म्हणजे पासबुकात मी स्वतः माझ्या मोत्यासारख्या अक्षरात 170 असं वळवून लिहिलेलं. माझं वाचन चुकेल?

"सात," मी म्हणालो. "स्वच्छ सात."

आता सात असेल तर अर्थ एकच निघत होता. काकांनी एकशे सत्तर घेतले, लिहिले, खाली बेरीज कमी मारली आणि साठ रुपये खिशात घातले. असल्या चोऱ्या जगात होतात. काकांना आत बोलावलं. ते पानाकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं होतं, ओरडतील, मलाच दोन शिव्या घालतील. ते नुसते पांढरे पडले. "भरून देतो," एवढंच म्हणाले.

"त्या बाईला विचारू या का?" मी विचारलं. तेवढं तरी विचारलं.

"आणि मिरकरवाडाभर डंका पिटायचा, पेढीत चोर आहे म्हणून?" हेडक्लार्क खेकसले. "उद्या सगळे ठेवी काढायला दारात उभे राहतील."

काकांनी चार दिवसांत साठ रुपये भरले. बायकोच्या पाटल्या मोडल्या असं कानावर आलं. मग राजीनामा दिला. जाताना मी मान वर केली नाही. खरं सांगतो, मला वाईट वाटण्याऐवजी राग आला होता. इतके दिवस ज्याची थट्टा केली तो लबाड निघाला, याचा राग. घरी बायकोलाही मी ऐटीत सांगितलं की माझ्या डोळ्यांनी चोर पकडला. मूर्ख माणूस!

श्रावणात ती बाई पेढीत आली. मिरकरवाड्याची, नवरा जहाजावर खलाशी. छपराची कौलं फुटली होती, सगळी ठेव काढायची होती. नव्या खजिनदाराने दहाच्या सतरा नोटा मोजून दिल्या आणि व्याजाची चिल्लर वर ठेवली. तिने नोटा एकेक करून गुडघ्यावर ठेवल्या, अकरा झाल्या तशी थांबली आणि उरलेल्या सहा माझ्यापुढे सरकवल्या.

"ह्या कुणाच्या?"

"तुमच्याच. पासबुकात आहेत."

"पासबुक तुम्ही लिवलंत. नोटा मी दिल्या. अकरा दिल्या, दादा. नवऱ्याने बंदरावरनं पाठवलेल्या, मी किती वेळा मोजल्या असतील! दुसऱ्याचे पैसे मला नको, घर शाकारायचं हाय मला."

ती गेली तशी मी रोजकीर्द काढली आणि खिडकीशी नेली. पान उन्हात तिरकं धरलं. काकांच्या गडद शाईची रेघ उन्हात चकाकते, छापील रेघ चकाकत नाही. एकाचा उभा दांडा चकाकला. डोक्यावरची दांडी मेल्यासारखी पडून होती. पान उलटून मागून बोट फिरवलं. टाकाचा दाब कागदाच्या मागे उठतो, आणि काका टाक दाबून लिहीत. उभ्या दांड्याचा वळ बोटाला लागला, आडव्याचा लागलाच नाही. ती रेघ छापखान्याची होती. काकांनी एकच लिहिला होता. शेजारच्याच पानावर त्यांचा खरा सात होता, दांडी शाईची, टोकाशी खाली वळलेली. दोन मिनिटांचं काम. वैशाखात मला ती दोन मिनिटं जड झाली होती.

हेडक्लार्कांना दाखवलं. त्यांनी साठ रुपये माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "तूच जा." रोजकीर्द पेढीबाहेर न्यायची नसते. मी ती छत्रीखाली काखोटीला मारून नेली.

काका ओटीवर सुंभ वळत बसले होते. मी बसलोच नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं आणि वही उघडून पुढे धरली. "काका, माझं चुकलं. तुम्ही एकच लिहिला होता. मी सात वाचला."

त्यांनी पान जवळ घेतलं, लांब धरलं, मान हलवली.

"मलाही सातच दिसला होता रे," ते म्हणाले. "त्या दिवशी पण आणि आत्ता पण."

मला कळेना. "पण तुम्ही लिहिलेलं तुम्हाला..."

"सहा-सात माणसांच्या ठेवी होत्या. कुणाची किती, कुठे लक्षात राहतं? आणि एक गोष्ट मी तेव्हा बोललो नाही. खालची बेरीज मी आकड्यांची केलीच नव्हती. सकाळी पिशवीतले पैसे मोजायचे आणि तोच आकडा खाली घालायचा, ही माझी खोड. म्हणजे सात लिहिला आणि पैसे साठाने कमी, तर रात्रीत पिशवीतून गेले. दुसरं काय समजू?"

"घरातून?"

"घरात आम्ही तिघं. मी, ही आणि धाकटा भाऊ."

त्यांच्या त्या भावाला मी ओळखत होतो. पंचविशीचा, कामधंदा नाही, मांडवीच्या धक्क्याला आगबोट लागली की उतारूंच्या पेट्या उचलायला जाणारा. हसतमुख.

"मी त्याला एका शब्दाने विचारलं नाही," काका म्हणाले. "विचारलं असतं तर तो भांडला असता, बरं झालं असतं. मी नुसती पेटीची किल्ली खुंटीवरून काढली आणि करगोट्याला बांधली. तो समोर जेवत होता. त्याने बघितलं. हात धुतला आणि उठला. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीने मुंबईला गेला. पत्र नाही, पत्ता नाही."

आतून बांगड्यांचा आवाज येत होता तो थांबला.

मी साठ रुपये पुढे केले. मला वाटलं, घेणार नाहीत. त्यांनी घेतले, सहा नोटा मोजल्या, परत एकदा मोजल्या. मग मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, हिशेबातली शंका विचारावी तसं:

"मुंबईत माणूस शोधायला एवढे पुरतील?"