दुसरा तारा लावून पाहिला तेव्हा

नागपुरातल्या जरीपटक्याचा प्रशिक आणि मी, मिनल, विद्यापीठाच्या एकाच खोलीत पीएच.डी. करून राहिलो होतो. पोरगा मोठा इरसाल! डबा आधी माह्या उघडायचा, मग स्वतःचा. पण पल्सारचं नाव निघालं की एकदम गंभीर. पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गरगर फिरणारा गाभा. दर फेरीला त्याच्या रेडिओलहरींचा एक ठोका आपल्याकडे येतो. प्रशिकचा पल्सार सेकंदाला शेकडो ठोके द्यायचा, तेही इतके नेमके, की पुढल्या वर्षीचा ठोका कधी येईल ते आज सांगता यावं.

मग ते ठोके ठरल्या वेळेच्या थोडे आधी येऊ लागले, आणि दर महिन्याला आणखी आधी. तारा अचानक जोरात फिरू लागला की असंच दिसतं, आणि इतक्या वेगवान पल्सारमध्ये हे क्वचितच घडतं. आमचे गाइड अनंत सर खूश झाले. पुण्याच्या परिषदेत प्रशिकचं भाषण ठरलं. त्याची पीएच.डी. आता याच एका गोष्टीवर उभी होती. त्याची आई सिंधूताई गल्लीभर 'माहा डॉक्टर' म्हणत फिरू लागली.

मले मात्र ते पटत नव्हतं. निघायच्या आदल्या दुपारी मी म्हटलं, "याच गणितात दुसरा पल्सार लावून पाह्यला काय गा? आपण तर दरवेळी पाहतो!"

"पाहीन वं, पुण्याहून आल्यावर."

"आत्ता पाह्य!"

कूलर घरघरत होता. गणित संपलं, आणि पडद्यावर ठोके आधी येत असल्याची तीच कललेली रेघ आली, त्याच तारखेपासून. तारा आकाशाच्या पार दुसऱ्या टोकाचा! दोन तारे ठरवून एकाच दिवशी थोडेच बिघडतात? बिघडलं होतं दुर्बिणीजवळचं घड्याळ. ते मागं पडत चाललं होतं, म्हणून ठोक्यांवर आधीची वेळ पडत होती. घड्याळ किती चुकतं याची फाइल वेधशाळा देत राहते, पण प्रशिककडे जुनीच होती. तिच्यातल्या तारखा संपल्याची सूचना प्रोग्राम दरवेळी द्यायचा, आणि या शहाण्यानं कटकट नको म्हणून ती सूचनाच बंद करून टाकली होती.

नवी फाइल लावली. दोन्ही रेघा सपाट झाल्या, ठोके पुन्हा वेळेवर. मले रडूच आलं.

अनंत सरांना बोलावून दोन्ही रेघा दाखवल्या. "दुसऱ्या पल्सारचं पुण्यात कोण विचारणार आहे?" ते म्हणाले. "आणि तुझी पीएच.डी.ची मुदत संपत आलीय, प्रशिक." आवाज अगदी शांत होता. मले त्याचीच भीती वाटली.

"आज ना उद्या कोणीतरी लावनच, सर," प्रशिक म्हणाला, आणि भाषण रद्द करायचा मेल पाठवून दिला. सर दार लोटून निघून गेले.

मग त्यानं स्पीकरवर घरी फोन लावला. "माय, तारा ठीक आहे वं. माह्यंच चुकलं."

 पलीकडून सिंधूताईंनी हळूच विचारलं, "मंग आता तू डॉक्टर होशीन का नाही, बाबू?"

प्रशिकनं फोन माह्या हातात दिला. मी म्हटलं, "ते मले नाही माहीत, काकू. पण खोटा डॉक्टर तर नाही होणार तो!"