बत्तीस वर्षं, पाच महिने, वीस दिवस

रिटायर व्हायच्या आधी दोन महिने मला पेन्शनचं वेड लागलं होतं. चहाच्या पाकिटावर, लग्नपत्रिकेच्या मागे, दिसेल तिथे मी एकच गणित मांडायचो. विश्रामबागच्या आमच्या ऑफिसात पूर्वीपासून कंपनीचा स्वतःचा पेन्शन फंड आहे आणि त्याचा नियम अगदी साधा: शेवटचा बेसिक गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सहासष्ट. वरचे महिने सहा किंवा जास्त असले तर पूर्ण वर्ष धरायचं, कमी असले तर सोडून द्यायचे. माझा बेसिक सहासष्ट हजार, म्हणजे प्रत्येक वर्षाला महिना एक हजार. इतकं सोपं गणित मला शाळेतसुद्धा कुणी घातलं नव्हतं. वरचे महिने धरून माझी तेहेतीस वर्षं भरत होती. तेहेतीस हजार, बरोब्बर निम्मा पगार. बायको म्हणाली, "आता भिंतीवर लिहू नका म्हणजे झालं."

मग पेन्शन विभागातल्या मुलीने माझा तक्ता पाठवला. मी नेहमीप्रमाणे शेवटची ओळ आधी वाचली. सेवा बत्तीस वर्षं, पाच महिने, वीस दिवस. पेन्शन बत्तीस हजार. सहा महिन्यांना दहा दिवस कमी पडले होते.

माझं डोकं सटकलं. कारण मला लगेच सापडलं. नोकरीचं पत्र आलं तेव्हा पितृपक्ष लागला होता. उद्या हजर होतो म्हटलं तर आई दारात आडवी उभी राहिली. पंधरा दिवस तिने मला घरी बसवलं आणि घटस्थापनेला हळदीकुंकू लावून पाठवलं. ते पंधरा दिवस असते तर माझं तेहेतिसावं वर्ष धरलं गेलं असतं.

आई खंडाळ्याजवळ गावी धाकट्या भावाकडे असते. मी तिथल्या तिथे फोन लावला आणि एका दमात सुनावलं, "तुझ्या पितृपक्षानं माझे महिन्याला हजार रुपये खाल्ले. मरेपर्यंत."

ती म्हणाली, "व्हय रं, मीच अडवलं तवा." आणि फोन ठेवला.

संध्याकाळी भावाचा फोन आला. आई जेवली नव्हती. वडील फौजेत होते, त्यामुळे तिला फॅमिली पेन्शन येते. त्यातले हजार दर महिन्याला मला पाठवायचे, असं तिने ठरवलं होतं, आणि पहिले हजार बँकेतून काढूनही आणले होते. मला लाज वाटली. पण खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं. चूक कुणाची हे तरी ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीकडे भांडायला गेलो. तिने शांतपणे पेन्सिल वरच्या ओळीवर ठेवली.

"सर, हजर झाल्यापासून रिटायर होईपर्यंत बत्तीस वर्षं, सहा महिने, दहा दिवस होतात. तेहेतीसच धरली असती. पण मधे तुमची बिनपगारी रजा आहे, वीस दिवस. ती सेवेत धरत नाहीत."

मी म्हणालो, शक्य नाही. तिने सर्व्हिस बुक उघडून माझा अर्जच दाखवला. खाली माझी तरुण, वळणदार सही.

आणि मला हसू फुटलं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी विट्याच्या एका मित्राने डोक्यात भरवलं होतं की नोकरीत काय ठेवलंय, केरळात त्याच्या काकांच्या गलाईच्या दुकानात ये, सोनं गाळू, श्रीमंत होऊ. रजा शिल्लक नव्हती, म्हणून बिनपगारी टाकली. आईला सांगितलं, ऑफिसचं ट्रेनिंग आहे. सोन्याचा कण हाती लागला नाही. अर्धी मिशी भट्टीवर जाळून घेतली आणि विसाव्या दिवशी गुपचूप टेबलाशी येऊन बसलो. मी इतका हसलो की त्या मुलीने मला पाणी दिलं.

बाहेर आल्यावर मात्र आठवलं: आई हजार रुपये घेऊन बसली होती.

रविवारी पहिली एसटी पकडून गावी गेलो. आईने पाणी द्यायच्या आधी नोटा पुढे केल्या. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. केरळ, भट्टी, मिशी, ट्रेनिंगचं खोटं, सगळं.

तिने नोटा परत कनवटीला लावल्या. पदराआड तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"म्हंजी माझ्या पितरांचा काय बी दोष न्हाई?"

"नाही."

"माझा बी न्हाई?"

"नाही गं."

"मग आता तू मला द्यायचं. म्हैन्याला हजार. चार दिस माझ्या घशाखाली घास उतरला न्हाई, त्याचं."

मी कबूल झालो. आता एक तारखेला बत्तीस हजार जमा होतात आणि दोन तारखेला तिला हजार जातात. एक दिवस उशीर झाला तर भावाच्या फोनवरून तिचा मिस्ड कॉल येतो. नोकरी मी बत्तीस वर्षांची केली आणि पेन्शन एकतीस वर्षांची खातो, आणि ते हजार पाठवताना मला जेवढा आनंद होतो तेवढा उरलेले मोजताना होत नाही.