कळवण सोडून सगळी गावं

खंडेराव देवऱ्यांनी उभी हयात देवळा तालुक्यात टपाल वाटलं. ज्या पत्त्यांवर लिहिणाऱ्याचाही भरवसा नसे, ते पत्ते खंडेराव चालता चालता वाचत. निवृत्तीनंतर ते नाशकात, गंगापूर रोडला मुलाकडे राहायला आले, आणि गेल्या पोळ्याच्या सुमारास त्यांच्या मेंदूतली एक बारीक शीर तुंबली. हात वाचले, बोलणं वाचलं. फक्त वाचणं गेलं. लिहायला मात्र येई. सही झोकात करत आणि मग कागद लांब धरून विचारत, "हे कोणाचं नाव?"

"लिहिता येतं, वाचता येत नाही. साहेबलोकांत हे नवीन नाही," असं शेखर, त्यांचा मुलगा, पहिल्या आठवड्यात म्हणाला होता. नंतर त्याने तो विनोद पुन्हा केला नाही.

खंडेरावांचं, म्हणजे घरातल्या नानांचं, मागणं एकच होतं. एकट्याने एसटीने देवळ्याला जायचं, पारावर बसायचं, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. शेखरचं उत्तरही एकच होतं. "गाडीची पाटी वाचा, मग जा." कुणालाही विचारता येतं, हे नानांनी सांगून पाहिलं. पण ज्याला अख्खा तालुका पत्ते विचारायचा, त्याने स्टँडवर पाटी विचारत फिरावं, हे त्यांचं त्यांनाच सोसेना.

सून उज्वला घरूनच एका कंपनीची वेबसाइटची कामं करायची. नानांना बोलण्या-वाचण्याचे व्यायाम देणाऱ्या सरिताताईंनी सांगितलं, की ओळखीचे शब्द खेळवा. उज्वलाने शब्दशोधाचा खेळ करायचं ठरवलं. चौकोनांत अक्षरं, त्यांत लपलेली गावं, बोट फिरवून पकडायची. इंग्रजीसाठी असा खेळ ती एका दुपारी करून मोकळी झाली असती.

मराठीत पहिल्याच दिवशी लोहोणेर गावाचं नाव फुटलं. संगणकाच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र प्रजा असते, त्यामुळे एका चौकोनात ल आला आणि शेजारच्यात एकटाच ओकार, ठिपक्यांच्या गोलावर टेकलेला. सासूबाई सगुणाबाई चष्मा वर करून म्हणाल्या, "हे काय गं, रांगोळीचे ठिपके काढलेस?"

मग उज्वलाने अख्खं अक्षर हाच एक चौकोन धरला: लो, हो, णे, र. त्यासाठी आयतं मिळालेलं साधन काना-मात्रा नीट जोडून देई, पण जोडाक्षर आलं की हात टेकी. खर्डे गावाचे ते तीन तुकडे करी, मधला र पाय मोडून उभा. तिने स्वतःचा नियम लिहिला: पाय मोडलेलं व्यंजन दिसलं की पुढचं व्यंजन त्याच्या मात्रेसकट त्याच चौकोनात ओढायचं. खर्डे दोन चौकोनांत बसलं, ख आणि र्डे. रिकाम्या जागी क पासून ळ पर्यंतची अक्षरं वाटेल तशी पेरली आणि टॅब नानांच्या हाती दिला.

सगुणाबाई यादीतलं नाव मोठ्याने म्हणत, नाना शोधत.

"मेशी."

नानांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि सर्रकन रेघ ओढली. मेशी हिरवं झालं. मग उमराणे, वाखारी, खामखेडा. आठवड्याभरात घरात सणाचं वातावरण झालं. अडत होतं ते एकच गाव, कळवण. ते काही केल्या सापडेना.

"बघा बघा," सगुणाबाई म्हणाल्या, "सगळा तालुका सापडला आणि माझं माहेर तेवढं दिसत नाय!"

"तिथं टपाल वाटायला नव्हतो मी."

"जेवायला तर लय वेळा व्हता!"

शेखर हसला आणि म्हणाला, "नाना, येत्या रविवारी या जाऊन देवळ्याला." नानांनी उठून कपाटातली टोपी काढून झटकून ठेवली.

कळवण मात्र उज्वलाच्या डोक्यातून जाईना. खेळात चूक असेल म्हणून तिने जाळी समोर घेतली आणि न वाचता नुसती पाहिली. तेव्हा तिला दिसलं. पेरलेली अक्षरं सगळी उघडीबोडकी होती, काना नाही की मात्रा नाही. गावं तेवढी दागिने घालून बसली होती. जिथे काने-मात्रे दाटीने दिसतील तिथे गाव. कानांनी ऐकलेलं नाव बोटांवर मोजलं की किती चौकोनांचं ते कळे. कळवणच्या अंगावर एकही मात्रा नव्हती, म्हणून ते गर्दीत मिसळून गेलं होतं. वाचायची गरज फक्त तिथेच होती.

ती नानांच्या शेजारी जाऊन बसली. "नाना, तुम्ही गावं वाचत नव्हता ना?"

नानांनी तिच्याकडे निवांत पाहिलं. "तू शोधा म्हणालीस. वाचा कुठं म्हणालीस?"

"मग रविवारी पाटी कशी वाचणार होता?"

नाना टोपीची घडी नीट करत बसले. मग म्हणाले, "शेखऱ्या इतका खूश झालाय. म्हटलं, बघू, त्या दिवशी येईल."

उज्वलाला रागवायचं होतं, पण तिला ते जमलं नाही. तिने शेखरला सगळं सांगितलं. रविवार रद्द झाला, टोपी कपाटात गेली. आणि तिने खेळ मोडून पुन्हा मांडला. आता पेरणी जिल्ह्यातल्या शेकडो गावांच्या नावांतून काढलेल्या अक्षरांची होती. जे अक्षर नावांत वारंवार येतं ते जास्त, जे क्वचित ते क्वचित. वा, डी, णे, गा, पिं सगळीकडे सांडले. दागिन्यांवरून कोणी ओळखू येईना.

नानांना एकही गाव सापडेना. चार दिवसांनी त्यांनी टॅब पालथा ठेवला. "आधीचाच बरा व्हता."

"आधीचा खोटा होता, नाना."

"म्हणून तर बरा व्हता."

सरिताताईंनी तोड सुचवली: डोळ्याला कळत नाही ते हाताला विचारा, हात अजून लिहितो. मग उज्वलाने नवीन सोय केली. चौकोन दाबला की ते अख्खं अक्षर पडदाभर मोठं व्हायचं आणि नाना त्यावरून बोट फिरवायचे. काना वेगळा नाही, वेलांटी वेगळी नाही. लहानपणी पाटीवर गिरवलं तसं अख्खं अक्षर. बोट फिरलं की ओठ हलत. "वा." पुन्हा बोट. "खा." थकत, चिडत, झोपून जात. पण सकाळी टॅब स्वतःच मागत. पुढे पुढे बोट पडद्यावरून उतरून मांडीवर फिरायला लागलं.

एका दुपारी सगुणाबाई यादी न वाचता शेंगा सोलत होत्या. नाना मांडीवर काहीतरी गिरवत होते. "क," ते म्हणाले. बराच वेळ गेला. "ळ." सगुणाबाईंचे हात थांबले. "व. ण." त्यांनी रेघ ओढली. चारही चौकोन हिरवे झाले.

"सापडलं का शेवटी?" सगुणाबाईंनी शेंगांकडे बघतच विचारलं.

"सापडायला काय, तिथंच व्हतं," नाना म्हणाले.

रविवारी नानांना गाडीत बसवायला सगुणाबाई आणि उज्वला स्टँडवर गेल्या. शेखरने उज्वलाला बजावलं होतं, मध्ये बोलायचं नाही. ती खांबाजवळ उभी राहिली. फलाटाला एक लाल गाडी लागली आणि माणसं पाटी न बघता दाराकडे धावली. नानाही दोन पावलं गेले. मग थांबले. नजर पाटीवर आणि उजवं बोट धोतरावर. गर्दीचे धक्के बसत होते, बोट सावकाश चालत होतं.

उज्वलाला पाटी इथूनही वाचता येत होती. तिने ओठ घट्ट मिटले.

नाना मागे फिरले. "कळवण. ही वणीवरून जाती. आपली नाय."

"माझ्या माहेरची गाडी बरी सोडवते तुम्हाला," सगुणाबाई म्हणाल्या आणि पदराच्या टोकाने चष्मा पुसायला लागल्या.

नाना कठड्यावर बसले, टोपी सारखी केली आणि पुढच्या गाडीची वाट बघू लागले. बोट आधीच मांडीवर होतं.